तिकीट 'नॉन-रिफंडेबल' आहे. मग विमा घ्यायचा की नाही? एका उमराहच्या तिकिटाचा हिशोब

गेल्या वर्षी आपा आणि दुल्हाभाई अम्मीला घेऊन उमराहला निघायची तयारी करत होते. मुंबई ते जेद्दा, जाऊन-येऊन, तीन तिकिटं. दुल्हाभाईंनी मोबाईलवर सगळं भरलं, पैसे द्यायच्या पानावर आले आणि तिथेच थांबले. समोर दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं, प्रवास विमा, माणशी 449 रुपये. दुसऱ्यात लिहिलं होतं, कोणत्याही कारणाने रद्द करा आणि पूर्ण पैसे परत मिळवा, माणशी 2,900 रुपये. वर लाल अक्षरात सूचना होती की हे तिकीट नॉन-रिफंडेबल आहे. दुल्हाभाईंनी मला फोन लावला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना गणित शिकवता ना? मग सांगा, टिक करू की नको?"

मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. पण पुढे दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. तो हिशोब इथे मांडतो आहे, कारण आपल्याकडे उमराहला, आखातात नोकरीला किंवा नातेवाइकांच्या लग्नाला जाणारी घरं भरपूर आहेत. या चौकोनापाशी प्रत्येक जण अडतो आणि घाईत काहीतरी करून मोकळा होतो. एक गोष्ट आधीच सांगतो. विमा शरीअतच्या दृष्टीने घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा. मी इथे फक्त रुपयांचा हिशोब करतो आहे. त्या हिशोबात विमा सोडून दुसरे रस्तेही आहेत, ते पुढे येतील.

नॉन-रिफंडेबल म्हणजे सगळे पैसे बुडाले असं नाही

पहिली चूक इथेच होते. आपण तिकिटाची पूर्ण रक्कम धोक्यात आहे असं धरून चालतो. तिकिटाची किंमत तीन भागांची बनलेली असते आणि ते भाग बिलावर वेगवेगळे दिसतात. पहिलं मूळ भाडं. दुसरा विमान कंपनीचा स्वतःचा अधिभार, जो बऱ्याचदा YQ किंवा YR या अक्षरांनी दाखवलेला असतो. तिसरे सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं.

आमच्या एका तिकिटाची किंमत होती 31,500 रुपये. त्यात मूळ भाडं 19,000, अधिभार 7,500 आणि कर व विमानतळ शुल्कं मिळून 5,000. आता हवाई वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा आहे की प्रवासी गेला नाही किंवा त्याने तिकीट रद्द केलं, तर वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावीच लागतात. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरीही. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते.

म्हणजे एका तिकिटामागे खरोखर बुडण्यासारखी रक्कम 31,500 नसून 26,500 होती. तिघांचे मिळून 94,500 पैकी 79,500 धोक्यात आणि 15,000 परत मिळण्यासारखे. YQ किंवा YR या रकमेला आपण कर समजतो, कारण ती बिलात करांच्या शेजारी बसलेली असते. पण ते कंपनीचे पैसे असतात, ते परत येतीलच असं नाही. म्हणून बेरीज करताना हा आकडा वेगळा काढा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा नियम भारतीय विमान कंपन्यांना थेट लागू आहे. परदेशी कंपनीने जात असाल तर परताव्याला त्या कंपनीच्या देशाचे नियम लागतात. तिथे पैसे देण्याआधी तिकिटाच्या अटी उघडून वाचायच्या, दुसरा इलाज नाही.

माझ्या एका चचेरा भावाने हे माहीत नसल्यामुळे नुकसान सोसलं. चाचांचं इंतिकाल झालं आणि त्याचं तीन दिवसांनंतरचं तिकीट होतं. मैयतीच्या गडबडीत त्याने तिकीट रद्दसुद्धा केलं नाही. "नॉन-रिफंडेबल आहे, आता काय मिळणार?" असं म्हणून सोडून दिलं. करांचे काही हजार त्याला मिळू शकले असते, त्याने कधी मागितलेच नाहीत.

कंपनीने विमान रद्द केलं तर ती गोष्ट वेगळी

विमा विकताना "विमान रद्द झालं तर?" ही भीती हमखास घातली जाते. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केलं, तर नॉन-रिफंडेबल हा शब्द गळून पडतो. कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा पूर्ण पैसे परत करायचे. 23 जून 2025 च्या रात्री कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं, तेव्हा आखातातले कितीतरी प्रवासी अडकले. अशा वेळी तिकिटाच्या पैशांसाठी आधी विमान कंपनीकडे जायचं असतं. उलट बहुतेक विमा पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलंच असतं.

म्हणून तिकिटाच्या विम्याचा खरा प्रश्न एवढाच उरतो: विमान जाणार आहे, पण आपण जाऊ शकलो नाही, तर काय?

449 रुपयांच्या विम्यात नेमकं काय होतं

दुल्हाभाईंना मी पॉलिसीचा मजकूर पाठवायला सांगितलं. टिक करायच्या चौकोनाशेजारी एक छोटी लिंक असते, ती कोणी उघडत नाही. आम्ही उघडली. आरोग्य, सामान, विलंब असे बरेच भाग होते. आम्हाला हवा होता तो भाग म्हणजे प्रवास रद्द होण्याचा. त्याची मर्यादा होती माणशी 20,000 रुपये. म्हणजे 26,500 बुडाले तरी जास्तीत जास्त 20,000 मिळणार.

पण रकमेपेक्षा कारणांची यादी महत्त्वाची. अशा विम्यात पैसे फक्त यादीत लिहिलेल्या कारणांसाठी मिळतात. प्रवासी किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, अचानक आलेलं गंभीर आजारपण किंवा अपघात ज्यात दवाखान्यात भरती व्हावं लागलं, काही नैसर्गिक आपत्ती, साधारण एवढंच. मन बदललं, रजा मिळाली नाही, परीक्षेची तारीख पुढे गेली, व्हिसा नाकारला, यातलं काही त्यात नव्हतं. बाळंतपणाशी संबंधित कारणंही बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असतात. आणि सगळ्यात मोठी अट: आधीपासून असलेला आजार चालणार नाही.

इथे आमचं अर्धं उत्तर मिळालं. मी दुल्हाभाईंना म्हटलं, कागद घ्या आणि तुमचा प्रवास कशामुळे अडू शकतो ते खरं खरं लिहा. त्यांनी लिहिलं:

1. अम्मीची शुगर. वय 68, दोन वर्षांत दोन वेळा भरती.
2. दुल्हाभाईंची रजा. साहेब शेवटच्या क्षणी नाही म्हणू शकतात.
3. व्हिसाला उशीर.
4. घरात दुसऱ्या कोणाला अचानक काही झालं तर.

आता ही यादी पॉलिसीच्या यादीशेजारी ठेवा. पहिलं कारण जुना आजार म्हणून बाद. दुसरं बाद. तिसरं बाद. राहिलं फक्त चौथं. ज्याची आम्हाला खरी भीती होती, ते या 449 मध्ये नव्हतंच.

चौथ्या कारणाची शक्यता किती?

तरी म्हटलं, चौथ्या कारणासाठी तरी घ्यावा का? इथे एक साधा भागाकार करायचा. मिळू शकणारी रक्कम भागिले हप्ता. 20,000 भागिले 449, म्हणजे साधारण 45. याचा अर्थ असा, अशा 45 प्रवासांपैकी एखादा प्रवास यादीतल्या कारणाने रद्द होत असेल, तर हिशोब बरोबरीत सुटतो. त्यापेक्षा कमी वेळा होत असेल तर विमा महाग, जास्त वेळा होत असेल तर स्वस्त.

पण आपल्या घरात ते किती वेळा होतं हे कसं कळायचं? मी दुल्हाभाईंना विचारलं, अम्मीला सोडून, गेल्या दहा वर्षांत घरातल्या कोणाला अचानक भरती करावं लागलं, असं किती वेळा झालं? ते आठवून म्हणाले, एकदा मला डेंग्यू, एकदा पोराचं अपेंडिक्स, एकदा मोटारसायकलवरून पडणं. तीन वेळा.

प्रवास अडायचा तर ही घटना निघायच्या आधीच्या साधारण पंधरा दिवसांत घडायला हवी. त्याच्या खूप आधी घडली तर माणूस बरा होऊन जातो. दहा वर्षांत पंधरवडे असतात 260 च्या आसपास. त्यातल्या तिनात घटना घडली. म्हणजे नेमक्या आपल्या पंधरवड्यात घडायची शक्यता साधारण 87 मध्ये एक. विमा बरोबरीत सुटायला हवी होती 45 मध्ये एक. म्हणजे आम्ही जोखमीच्या जवळजवळ दुप्पट किंमत मोजत होतो.

हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. अंदाज दीडपट इकडे तिकडे होईल. पण "काही सांगता येत नाही बाबा" यापेक्षा बरा. तुमच्या घरात वयस्कर पण निरोगी माणसं जास्त असतील, लहान मुलं वारंवार भरती होत असतील, तर तुमचं उत्तर वेगळं येईल. भागाकार मात्र तोच.

2,900 चा पर्याय: इथे गणित फिरलं

दुसरा चौकोन जास्त मोहात पाडणारा होता. कारण विचारणार नाही, निघायच्या 24 तास आधीपर्यंत रद्द करा, विमान कंपनी जेवढं कापेल तेवढं आम्ही देऊ. इथे अम्मीची शुगरही चालणार, रजाही चालणार. आपा म्हणाल्या, "हेच घेऊन टाकूया. अम्मीचं काही सांगता येत नाही."

वरवर भागाकार असा: 26,500 भागिले 2,900, म्हणजे साधारण 9. नऊमध्ये एकदा प्रवास रद्द होत असेल तर हे बरोबरीत. अम्मीची दोन वर्षांत दोन भरती, म्हणजे 52 पंधरवड्यांत दोन, 26 मध्ये एक. त्यात रजा, व्हिसा आणि बाकी सगळं मिळवलं तर बारा-तेरामध्ये एक म्हणू. नऊच्या जवळ, पण तरी महागच. मनाच्या शांतीसाठी घ्यावं की नाही, असा विचार सुरू झाला.

तेव्हा तिकिटाच्या अटींमधली एक ओळ माझ्या नजरेला आली, जी आम्ही सगळ्यांनीच सोडून दिली होती. तिकीट रद्द केलं तर पैसे नाहीत, पण तारीख बदलता येत होती. माणशी 6,000 रुपये आणि नव्या तारखेच्या भाड्यातला फरक.

मी आपांना विचारलं, समजा अम्मी आजारी पडली, तर तुम्ही उमराह सोडून द्याल का? त्या म्हणाल्या, "असं कसं? बरी झाली की जाऊ." मग तिकीट रद्द करायचंच कशाला? तारीख पुढे ढकलायची.

आता नीट बघा. 2,900 चा पर्याय घेतला आणि अम्मी आजारी पडली, तर जुन्या तिकिटाचे सगळे पैसे परत येतील. पण नंतर नवीन तिकिटं त्या वेळच्या भाड्याने काढावी लागतील. भाडं वाढलं असेल तर तो फरक आपल्याच खिशातून. पर्याय घेतला नाही आणि तारीख बदलली, तरी भाड्याचा फरक आपल्याच खिशातून. म्हणजे फरक दोन्हीकडे सारखाच. वाचतात ते फक्त तारीख बदलण्याचे 6,000. आम्ही समजत होतो की 2,900 देऊन 26,500 वाचवतो आहोत. खरं तर 2,900 देऊन 6,000 वाचवत होतो.

मग भागाकार करा. 6,000 भागिले 2,900, म्हणजे दोन. दर दोन प्रवासांत एक पुढे ढकलावा लागत असेल, तरच हे परवडेल. इतकी वाईट अवस्था अम्मीची नव्हती. असती तर तिकीटच काढलं नसतं.

तेव्हा प्रवास विम्याचा विचार करताना पहिला प्रश्न हा: हा प्रवास नंतर होणार आहे की कायमचा राहणार आहे? नंतर होणार असेल आणि तारीख बदलता येत असेल, तर धोक्यात असलेली रक्कम म्हणजे तारीख बदलण्याचं शुल्क, तिकिटाची किंमत नाही.

मग पुढे काय झालं

दोन्ही चौकोन रिकामे ठेवून तिकिटं काढली. माझ्या सांगण्यावरून आपांनी एक काम केलं: तिघांचे 2,900 प्रमाणे जे 8,700 वाचले, ते एका पाकिटात घालून कपाटात ठेवले.

निघायला सोळा दिवस राहिले असताना अम्मीची शुगर वाढली, पायाची जखम चिघळली आणि चार दिवस भरती करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर प्रवास नाही. व्हिसा काढायचा बाकी होता, हॉटेलचं बुकिंग फुकट रद्द होण्याची मुदत संपली नव्हती, तेवढं नशीब. दुल्हाभाईंनी त्याच दिवशी बसून तारीख दोन महिने पुढे नेली. शुल्क तिघांचं 18,000 आणि भाड्याचा फरक माणशी 2,400 प्रमाणे 7,200. एकूण 25,200 रुपये गेले.

दुल्हाभाई मला म्हणाले, "मास्तर, तुमचं गणित बुडवून गेलं की!" मी म्हटलं, चला, तोही हिशोब करू. 2,900 चा पर्याय घेतला असता, तर आधी 8,700 दिले असते, जुने पैसे परत आले असते, नवीन तिकिटांना 7,200 जास्त लागले असते. एकूण 15,900. म्हणजे 9,300 रुपये वाचले असते. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण ज्याची भीती होती तेच घडलं, तरीही फरक 9,300 चाच. 79,500 चा नव्हे. आणि 449 चा विमा घेतला असता तर? जुना आजार, म्हणून एक रुपयाही मिळाला नसता. कपाटातल्या पाकिटाने एक तृतीयांश भार उचलला. दोन महिन्यांनी अम्मी उमराह करून आली, अल्हमदुलिल्लाह.

निर्णय बरोबर की चूक, हे नंतर काय घडलं त्यावरून ठरवू नये. त्या दिवशी जे माहीत होतं, त्यावरून ठरवावं. तीच परिस्थिती पुन्हा आली तरी मी तेच सांगेन.

घ्यायला हवा, अशी वेळ कोणती?

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. समजा भाच्याचं लग्न मस्कतला आहे. लग्नाची तारीख तुमच्यासाठी पुढे जाणार नाही. तुम्ही जाऊ शकला नाहीत, तर नंतर जाण्यात काही अर्थ नाही. इथे तारीख बदलण्याची सोय असून उपयोग नाही, पूर्ण 26,500 धोक्यात. घरात कोणी आजारी, रजेची खात्री नाही, अशी नऊमध्ये एकापेक्षा जास्त शक्यता वाटत असेल, तर 2,900 चा पर्याय हिशोबात बसतो. पण अशा वेळीही आधी लवचिक भाड्याचं तिकीट बघा. तीच सीट बऱ्याचदा दोन-तीन हजार जास्त देऊन कमी कपातीने रद्द करता येते. तो विमा नव्हे, तिकिटाचाच प्रकार आहे, आणि नंतर कोणाकडे दावा करत बसावं लागत नाही.

दुसरी वेळ म्हणजे रक्कम इतकी मोठी की बुडाली तर घर हलेल. कोणी दागिने गहाण ठेवून पाच माणसांची तिकिटं काढली असतील, तर त्याने सरासरीच्या हिशोबावर बसू नये. 87 मध्ये एकदा का होईना, ती वेळ आली तर त्याला झेपणार नाही. ज्याला नुकसान सोसतं त्याने विमा टाळावा, ज्याला सोसत नाही त्याने थोडं महाग पडलं तरी घ्यावा. मात्र त्याची खरी भीती पॉलिसीच्या यादीत आहे, हे बघूनच.

तिसरी वेळ परदेशातल्या आजारपणाची. त्यासाठी घेतलेली पॉलिसी ही वेगळी गोष्ट आहे, तिकिटाच्या हिशोबात तिला मिसळू नका. उमराहच्या व्हिसाबरोबर सौदीतला विमा येतो, तो तिथे गेल्यानंतरच्या तातडीच्या उपचारांसाठी असतो. "व्हिसात विमा आहे, म्हणजे तिकीटही सुरक्षित" असं बरेच जण समजतात. तुम्ही सोलापुरात आजारी पडून घरीच राहिलात, तर तो विमा तुमच्या तिकिटाचे पैसे देत नाही.

टूर वाल्यांच्या ग्रुप तिकिटांचीही गोष्ट निराळी. त्यात तारीख बदलण्याची सोय बऱ्याचदा नसते आणि अटी विमान कंपनीच्या सर्वसाधारण अटींपेक्षा कडक असतात. तिथे आमचं 6,000 चं गणित चालणार नाही. पैसे भरण्याआधी टूर वाल्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: एक माणूस येऊ शकला नाही तर किती कापणार, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस किंवा दुसरी तारीख चालेल का. तोंडी "हो जाएगा" वर विसंबू नका.

टिक करणार असाल, तर

सगळा विचार करून घ्यायचं ठरवलंत, तरी तीन गोष्टी बघा. मर्यादा किती आणि त्यातून आधी काही वजावट होते का. पैसे बँकेत येणार की त्याच साईटच्या वॉलेटमध्ये. आणि "जवळचे नातेवाईक" या शब्दात कोण कोण धरलं आहे. सासू-सासरे, भाऊ-बहीण आहेत की नाहीत. वादळ, संप, युद्ध अशी बातमी आल्यानंतर घेतलेला विमा त्याच कारणासाठी सहसा चालत नाही, म्हणून घ्यायचा तर तिकिटाबरोबरच घ्या. चौकोनात आधीच टिक केलेली दिसली तर ती काढून टाका आणि मग विचार करा. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्येच पोर्टलना सांगितलं आहे की प्रवास विमा आपोआप निवडलेला ठेवू नका.

वेळ आलीच, तर पहिलं काम विमान निघायच्या आत तिकीट रद्द करणं. न जाता नुसतं बसून राहिलात तर विमान कंपनीकडेही आणि विमा कंपनीकडेही तुमची बाजू कमकुवत होते. मग डॉक्टरांकडून "या तारखांना प्रवास करू नये" असं लेखी घ्या. फक्त औषधांची चिठ्ठी पुरत नाही. डिस्चार्ज कार्ड, तिकिटाचं बिल आणि विमान कंपनीने किती कापले, किती परत दिले याचा कागद जोडा. विमा कंपनी फक्त न मिळालेली रक्कम देते, म्हणून शेवटचा कागद नसेल तर फाईल तिथेच थांबते.

आणि तिकीट काढल्या काढल्या चूक लक्षात आली, तर विम्याची गरजच नाही. विमान कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट बुकिंगनंतर ठरलेल्या मुदतीत, दंड न भरता रद्द करता येतं, उड्डाण पुरेसं लांब असेल तर. 2016 च्या नियमात ही मुदत 24 तास आणि उड्डाण किमान सात दिवस लांब अशी होती. नियमात बदल होत असतात, म्हणून तिकीट काढताना त्या दिवशीची मुदत साईटवर बघून घ्या. दुल्हाभाईंनी आता ही सवय लावून घेतली आहे. तिकीट काढतात, मला फोटो पाठवतात आणि म्हणतात, "मास्तर, मुदत संपायच्या आत तपासा."